मुलाचा गेम, पालकांचं पाकीट

ऑगस्ट २०२१मध्ये मुंबईच्या जोगेश्वरी भागातला सोळा वर्षांचा एक मुलगा घरातून निघून गेला. पालकांनी पोलिसांत तक्रार दिली आणि शोधाशोध सुरू झाली. मुलगा अंधेरीत महाकाली गुंफांच्या परिसरात सापडला. मोबाईलवरच्या पब्जी गेममधल्या खरेदीसाठी त्यानं आईच्या बँक खात्यातून सुमारे दहा लाख रुपये उडवले होते. ते उघडकीला आल्यावर घरचे रागावले, म्हणून तो निघून गेला होता. पोलिसांनी समजूत घालून त्याला घरच्यांच्या हवाली केलं. पैसे मात्र गेलेच होते.

दहा लाख एका दमात जात नाहीत. शेकड्यांनी, हजारांनी, दिवसामागून दिवस जातात. बँकेचे मेसेज येत असतात, पण ज्या फोनवर ते येतात तोच फोन मुलाच्या हातात असतो. ओटीपीही त्याच फोनवर येतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं पालक आणि शिक्षकांसाठी ऑनलाइन गेमिंगबद्दल सूचना काढल्या, त्यात हीच गोष्ट नेमकी सांगितली होती: मुलं ज्या लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर खेळतात त्यावरून त्यांना थेट खरेदी करू देऊ नका, कार्ड तिथं नोंदवून ठेवू नका आणि प्रत्येक व्यवहाराला वरची मर्यादा घाला.

मोबाईलची ही गोष्ट कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर, थोडी वेगळी घडते, आणि पालकांचं लक्ष तिकडे कमी असतं. फोन निदान खिशात तरी असतो. कन्सोल टीव्हीखाली पडून असतो आणि त्यात पालकाचं खातं, कार्ड आणि वॉलेटातली शिल्लक कायम उघडी असते. वॉलेटातल्या शिलकीतून खरेदी करताना बँकेचा ओटीपी येत नाही, कारण बँकेच्या दृष्टीनं तो पैसा आधीच बाहेर पडलेला असतो. बटण दाबलं की खरेदी झाली.

ब्रिटनमधल्या हॅम्पशायरच्या एका कुटुंबाची बातमी बीबीसीनं २०१९मध्ये दिली होती. वडिलांनी मुलांच्या हौसेखातर फिफा गेममध्ये खेळाडूंचं एक पाकीट आठ पौंडांना विकत घेतलं. मुलं शेजारी बसून बघत होती. चारही मुलं दहा वर्षांच्या आतली. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी तीच कृती पुन्हा पुन्हा करून सुमारे साडेपाचशे पौंड खर्च केले. बँकेत पैसे उरले नाहीत तेव्हा वडिलांना कळलं. कंपनीनं नंतर पैसे परत केले, पण तशी खात्री कुणी देत नाही. या प्रकरणात मुलांनी काही फोडलं नाही, पासवर्ड चोरला नाही. वडिलांच्या खात्यातून खरेदी कशी होते हे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते दार पुन्हा बंद करायचं राहून गेलं.

आता मंडणगडसारख्या तालुक्याचा विचार करा. इथल्या कितीतरी घरांचा संसार दोन ठिकाणी चालतो. कमावता माणूस मुंबईत, विरार-नालासोपाऱ्याकडे किंवा ठाण्यात. आजी-आजोबा आणि कधी मुलंही गावाकडे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, तेव्हा मुंबईतल्या वस्तूही गावाला येतात. मुलासाठी आणलेला प्लेस्टेशन बहुतेक वेळा वापरलेला असतो, किंवा काकाकडचा, मावसभावाकडचा. त्यावर खातं आधीच कुणाचं तरी सुरू असतं आणि मुलगा त्याच खात्यावर खेळायला बसतो. वडील चार दिवसांनी एसटीनं परत जातात, कार्ड खात्यात तसंच राहतं. ओटीपी आलाच तर तो मुंबईत, कामाच्या गडबडीत येतो. पलीकडून मुलाचा फोन येतो, 'बाबा, एक नंबर आलाय तो सांगा', आणि वडील तो सांगून मोकळे होतात.

म्हणून खर्चाची मर्यादा हा विषय आकड्यापासून सुरू होत नाही. तो 'मुलगा नक्की कुणाच्या खात्यावर खेळतो' या प्रश्नापासून सुरू होतो. मर्यादा फक्त मुलाच्या खात्याला घालता येते. मुलगा मोठ्या माणसाच्या खात्यावर खेळत असेल, तर मर्यादेचा रकाना त्याच्या वाटेत कधी येतच नाही.

प्लेस्टेशनवर ही रचना अशी आहे. एक मोठा माणूस कुटुंबप्रमुख असतो. त्याच्या खात्याला जोडून मुलांची खाती काढायची. मुलाच्या खात्यानं केलेली खरेदी कुटुंबप्रमुखाच्या वॉलेटातून वजा होते आणि महिन्याला किती वजा होऊ द्यायचं हे प्रमुख ठरवतो. हा आकडा शून्यही ठेवता येतो. मुलाचं खातं कुठलं हे कन्सोल जन्मतारखेवरून ओळखतो, आणि बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. खातं काढताना खरी तारीख टाकली की पालकांचा ईमेल, पालकांची परवानगी, असं बरंच काही पुढे येतं. ते टाळायला मुलं, आणि पुष्कळदा घाईतले मोठेही, जन्मवर्ष मागे ढकलतात. त्या क्षणी बारा वर्षांचा मुलगा कन्सोलच्या लेखी तीस वर्षांचा होतो. पुढे कितीही शोधलं तरी त्याच्या खात्यात पालकांच्या नियंत्रणाचं पान सापडत नाही, आणि पालक म्हणतात की आमच्या मशीनमध्ये ती सोयच नाही.

अशा वेळी जुनं खातं दुरुस्त करत बसण्यापेक्षा खऱ्या जन्मतारखेचं नवं खातं काढणं सोपं. त्याची किंमत मुलाला द्यावी लागते, हे त्याला आधीच सांगायला हवं. जुन्या खात्यावरची खेळातली प्रगती, ट्रॉफी आणि त्या खात्यावर घेतलेले पोशाख वगैरे नव्या खात्यावर येत नाहीत. विकत घेतलेले गेम मात्र खेळता येतात, त्याची वाट पुढे येते. हे न सांगता रातोरात खातं बदललं, तर मुलगा पहिल्याच संधीला जुन्या खात्यावर परत जातो.

एक उदाहरण घेऊन पायऱ्या बघू. समजा, वडील मुंबईत आहेत, बारा वर्षांचा मुलगा आजी-आजोबांजवळ मंडणगडला शिकतो आणि घरी प्लेस्टेशन ५ आहे. वडील सुट्टीला आलेत. काम तासाभराचं आहे, पण ते वडिलांच्या हातून आणि इंटरनेट नीट चालत असताना व्हायला हवं.

पहिलं काम वडिलांचं स्वतःचं खातं. ते त्यांच्याच ईमेलवर आणि त्यांच्याच मोबाईल नंबरवर असलं पाहिजे. ईमेल असा हवा की तो ते रोज उघडतात, कारण खरेदीच्या पावत्या तिथेच येणार आहेत. जुना, विसरलेला ईमेल दिला तर दहा पावत्या आल्या तरी त्या कुणी वाचत नाही.

दुसरं काम, कन्सोलच्या Settings मध्ये जाऊन Family and Parental Controls आणि तिथून Family Management. इथून कुटुंबात नवा सदस्य जोडायचा आणि मुलाचं खातं काढायचं. जन्मतारीख खरी. मुलाच्या खात्याला ईमेल लागतो, तो वडिलांनीच काढून त्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. नाहीतर पासवर्ड बदलण्याची किल्ली मुलाकडे राहते. पुढे कन्सोल वयाप्रमाणे तयार पातळ्या दाखवतो: लहान मूल, लहान किशोर, मोठा किशोर आणि कुठलंही बंधन नाही. बारा वर्षांच्या मुलाला Early Teens घेऊन सुरुवात करावी आणि मग एकेक रकाना उघडून बघावा. तयार पातळी म्हणजे नुसता कच्चा आराखडा, घराप्रमाणे तो बदलायचाच असतो.

त्यातला Monthly Spending Limit हा रकाना आपल्या कामाचा. खातं भारतातलं असेल तर आकडे रुपयांत दिसतात. पहिल्या महिन्यात शून्य ठेवलेलं बरं. मुलाला काय काय मागावंसं वाटतं हे त्या महिन्यात कळतं, आणि मागण्यांवरून आकडा ठरवणं अंदाजानं ठरवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. इथे एक समजून घ्यायला हवं: मर्यादेच्या आतल्या खरेदीसाठी पालकाची वेगळी परवानगी लागत नाही. पाचशे रुपये मर्यादा म्हणजे 'पाचशेपर्यंत मला विचारू नकोस' असा अर्थ होतो. ज्या पालकाला प्रत्येक खरेदी आधी कळायला हवी आहे, त्याच्यासाठी शून्य हाच योग्य आकडा. मुलानं मागायचं आणि पालकानं स्वतःच्या खात्यातून घ्यायचं.

ही दुसरी वाट महागड्या गेमसाठीही उपयोगी पडते. प्लेस्टेशन ५चा मोठा नवा गेम चार-पाच हजारांच्या घरात असतो. तो घेण्यासाठी मुलाची मर्यादा पाच हजारांवर नेली, तर ती पुन्हा खाली आणायचं हमखास राहून जातं. त्याऐवजी वडिलांनी गेम स्वतःच्या खात्यावर घ्यावा आणि त्या कन्सोलवर आपल्या खात्यासाठी Console Sharing and Offline Play चालू ठेवावं. मग त्या मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता तो गेम स्वतःच्या खात्यावरून खेळू शकतो. मुलाची मर्यादा जागची हलत नाही. गावाकडे नेट गेलं तरी एकट्यानं खेळायचा गेम चालतो, हा आणखी एक फायदा. फक्त हे लक्षात ठेवावं की ही सोय अख्ख्या गेमपुरती आहे. फोर्टनाइटच्या व्ही-बक्ससारखं गेममधलं चलन आणि त्यातून घेतलेल्या वस्तू ज्या खात्यावर घेतल्या त्याच खात्याच्या राहतात.

इथपर्यंत आल्यावर बहुतेक पालक थांबतात. मुलाच्या खात्याला मर्यादा लागली, काम झालं. पण वडिलांचं खातं त्याच कन्सोलवर, त्याच पडद्यावर, मुलाच्या नावाशेजारी दिसत असतं. त्यावर गेलं की मर्यादाच नाही. पुढचं दार कुलपात आणि मागचं सताड उघडं, असला हा प्रकार होतो. म्हणून तिसरं काम वडिलांच्या खात्याला पासकोड लावण्याचं. Users and Accounts मध्ये Login Settings आहे, तिथे चार आकड्यांचा पासकोड लावता येतो. कन्सोल सुरू होताच वडिलांचं खातं आपोआप उघडण्याची सोय त्याच जागी बंद करावी. शिवाय Require Password at Checkout नावाचा पर्याय चालू करावा, म्हणजे वडिलांच्या खात्यावरूनही खरेदी करताना दर वेळी खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. हॅम्पशायरच्या घरी खरेदीच्या वाटेत असा अडसर असता, तर मुलं पहिल्याच पाकिटाशी अडली असती.

चौथं काम छोटं, पण ते राहिलं तर आधीची तिन्ही वाया जातात. मुलगा नवा वापरकर्ता तयार करू शकतो. नवं नाव, खोटं जन्मवर्ष, आणि पुन्हा तीस वर्षांचा. हे थांबवण्यासाठी Family and Parental Controls मध्येच PS5 Console Restrictions आहे. ही बंधनं कुठल्या एका खात्याची नसून अख्ख्या मशीनची असतात. तिथे User Creation and Guest Login बंद करावं. या पानाला स्वतःचा पासकोड असतो आणि नव्या मशीनवर तो सगळ्यांचा एकच असतो: 0000. हा आकडा मुलांना माहीत असतो, यूट्यूबवर दोन मिनिटांत सापडतो. तो बदलल्याशिवाय पानातल्या बाकीच्या बंधनांना काही अर्थ नाही. मुलाची जन्मतारीख, घराचा नंबर किंवा एटीएमचा पिन इथे वापरू नये. एटीएमचा तर मुळीच नको, कारण रिमोट हातात असताना तो आकडा सगळ्या घरासमोर टाकला जातो.

वेळेच्या मर्यादेबद्दल एकच गोष्ट, कारण तिची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. 'दोन तास ठरवलेत तरी पोरगा खेळतोच आहे.' प्लेस्टेशनवर वेळ संपल्यावर काय व्हावं याचे दोन पर्याय असतात: नुसती सूचना द्यायची किंवा कन्सोलवरून बाहेर काढायचं. Notify Only ठेवलं असेल तर पडद्यावर एक पट्टी येते आणि खेळ चालू राहतो. आजोबांना ती पट्टी वाचता येत नसेल तर मर्यादा असून नसल्यासारखी. Log Out of PS5 निवडलं तरच खेळ थांबतो.

सोनीनं सप्टेंबर २०२५मध्ये 'PlayStation Family' नावाचं मोबाईल ॲप काढलं. त्यातून वेळ, खर्च आणि मुलाच्या विनंत्या पालकाला फोनवरच हाताळता येतात. मुंबईत राहून गावाकडचा कन्सोल सांभाळणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. त्याआधीही हेच काम ब्राउझरमधून करता येत होतं, पण ते फार कमी जणांना ठाऊक होतं. फोनवर केलेला बदल कन्सोलपर्यंत पोचायला मात्र कन्सोल इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. पावसाळ्यात लाईन तुटली, रेंज गेली, की मुंबईतून केलेला बदल अडकून राहतो. म्हणून महत्त्वाची कुलपं ॲपवर न सोपवता कन्सोलवर बसूनच लावून यावीत.

एक्सबॉक्सची रचना निराळी आहे आणि प्लेस्टेशनवरून तिकडे गेलेल्या पालकाचा तिथे गोंधळ होतो. मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब गटात मुलाचं खातं जोडलं की भर मासिक आकड्यावर नसून शिलकीवर असतो. पालक मुलाच्या खात्यात ठरावीक रक्कम टाकतो आणि ती संपली की संपली. खरेदीला परवानगी सक्तीची केली, तर मुलानं काही घ्यायचं म्हटलं की पालकाला विनंती येते आणि तो ती मान्य करतो किंवा नाकारतो. दूर असलेल्या वडिलांसाठी हे विनंतीचं तंत्र जास्त सोयीचं वाटतं, कारण मुलगा काय घेतोय हे पैसे जाण्याआधी दिसतं. पण पालकाच्या स्वतःच्या खात्याला सहा आकड्यांची पासकी लावायला हवी आणि खरेदीच्या वेळी ती मागितली जाईल असंही ठरवायला हवं. मागचं दार इथेही आहेच.

आता कन्सोलच्या बाहेर, बँकेकडे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२०मध्ये काढलेल्या परिपत्रकानंतर प्रत्येक कार्डधारकाला ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतः चालू-बंद करता येतात आणि प्रत्येक प्रकाराला मर्यादा घालता येते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर ही बटणं असतात. परदेशी व्यवहारांची गरज नसेल तर ते बंद ठेवावेत, कारण भारताबाहेरून घेतल्या जाणाऱ्या काही रकमांना ओटीपी न लागण्याची शक्यता असते. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीचं वेगळं: पहिल्यांदा ओटीपी लागतो, पुढे पंधरा हजारांपर्यंतच्या रकमा दर वेळी ओटीपी न मागता कापल्या जातात. त्यासाठी बँकेनं किमान चोवीस तास आधी सूचना द्यायची असते. ती सूचना वाचली तर रद्द करायला एक दिवस मिळतो.

सगळ्यात साधा उपाय मात्र कार्ड खात्यात ठेवूच नये हा आहे. कन्सोलच्या दुकानासाठी गिफ्ट कार्ड मिळतात. महिन्याला ठरलेल्या रकमेचं कार्ड घ्यावं आणि प्लेस्टेशनवर ते कुटुंबप्रमुखाच्या वॉलेटात भरावं. मग मुलाच्या मर्यादेत चूक झाली, पासकोड फुटला, वडिलांचं खातं उघडं राहिलं, तरी नुकसान त्या कार्डाच्या रकमेपुढे जाऊ शकत नाही. सेटिंगवर विसंबून राहण्यापेक्षा हे जास्त भक्कम, कारण वॉलेटात नसलेला पैसा कुणालाच खर्च करता येत नाही. एकच पथ्य: भरल्यावर कार्डाचा नंबर असलेला मेसेज किंवा चिठ्ठी मुलांच्या ग्रुपवर फिरू देऊ नये, आणि 'अर्ध्या किमतीत कार्ड' देणाऱ्या टेलिग्रामवरच्या अनोळखी विक्रेत्यांच्या वाटेला जाऊ नये.

इतकी कुलपं लागतात तरी कशाला, असं कुणाला वाटेल. अमेरिकेतलं एक प्रकरण त्याचं उत्तर देतं. डिसेंबर २०२२मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं फोर्टनाइट गेमची मालक कंपनी एपिक गेम्सकडून एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचं कबूल करून घेतलं. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याचा भंग केल्याबद्दलचा दंड होता आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करायचे होते. कमिशनचं म्हणणं असं होतं की गेममधली बटणं अशी गोंधळाची मांडली होती की एकदाच बटण दाबून पैसे जात. गेम झोपेतून जागा करताना, पडदा उघडत असताना, किंवा एखादी वस्तू नुसती पाहायला शेजारचं बटण दाबताना लोकांकडून खरेदी होत होती. २०१८पर्यंत मुलांना पालकाच्या कुठल्याही संमतीशिवाय व्ही-बक्स घेता येत होते. दहा लाखांहून जास्त तक्रारी आल्या असूनही कंपनीनं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि बँकेकडे तक्रार करून पैसे अडवणाऱ्यांची खाती बंद केली, असंही कमिशननं नोंदवलं. परताव्याची पहिली मोठी खेप डिसेंबर २०२४मध्ये लोकांपर्यंत पोचली. म्हणजे चूक दर वेळी मुलाच्या हट्टाचीच असते असं नाही. दुकानच अशा रीतीनं मांडलेलं असतं की हात तिकडे जावा. मुलाला रागावण्याआधी पालकानं तो पडदा एकदा स्वतः पाहावा.

त्याच पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसेल. किमती रुपयांत नसतात, गेमच्या चलनात असतात, आणि ते चलन बहुतेक वेळा ठरावीक गठ्ठ्यांनी मिळतं. एखादा पोशाख गठ्ठ्यापेक्षा थोडा महाग असतो, मग दोन गठ्ठे घ्यावे लागतात आणि उरलेलं चलन खात्यात पडून पुढच्या खरेदीला बोलावत राहतं. महिन्याची मर्यादा ठरवताना म्हणून सगळ्यात लहान गठ्ठ्याची रुपयांतली किंमत आधी बघावी. मर्यादा त्याहून कमी ठेवली तर मुलाला काहीच घेता येणार नाही, आणि एका गठ्ठ्यापेक्षा जरा जास्त ठेवली तर महिन्याला एकच मिळेल. बारा वर्षांच्या मुलाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवता येतो. 'या पोशाखाला रुपये किती पडले?' एवढा एकच प्रश्न त्यानं स्वतः सोडवला की त्याच्या मागण्यांची यादी बरीच आटोपशीर होते.

पैसे गेलेच तर काय करायचं? प्लेस्टेशनच्या दुकानाचा नियम असा आहे की विकत घेतलेला गेम डाउनलोड करायला सुरुवात केली नसेल, तर चौदा दिवसांत परतावा मागता येतो. वॉलेटात भरलेली रक्कम वापरली नसेल तरी हीच मुदत. गेममधलं चलन एकदा खात्यात जमा झालं की मात्र परताव्याची आशा फार कमी. म्हणून कळल्याबरोबर पहिली गोष्ट कंपनीच्या मदत केंद्राला कळवणं; तोवर मुलाला त्या खात्यावर काहीही डाउनलोड करू देऊ नये, मिळालेलं चलन खर्च करू देऊ नये. बँकेकडे थेट व्यवहार नाकारण्याची घाई करू नये. तसं केल्यास गेम कंपन्या बहुधा संपूर्ण खातंच गोठवतात आणि आधी रीतसर विकत घेतलेले गेमही अडकतात. शिवाय बँकेचा नियम इथे पालकाच्या बाजूचा नसतो. अनोळखी माणसानं केलेल्या व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरतात, पण पिन किंवा ओटीपी घरातल्याच माणसाला दिला असेल तर तो ग्राहकाचाच निष्काळजीपणा ठरतो. ओटीपी फोनवरून गावाला सांगणाऱ्या वडिलांनी हे जाणून असावं.

आणि मुंबईची गाडी पकडण्याआधी एक चाचणी करा. कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मुलाच्या खात्यावर जा, दुकानात मर्यादेपेक्षा महाग काहीतरी निवडा आणि खरेदीपर्यंत जाऊन बघा; तिथे अडवणारी सूचना यायला हवी. मग तुमच्या खात्यावर टिचकी मारा. पासकोड मागायला हवा. मग नवा वापरकर्ता जोडून बघा. मशीननं नकार द्यायला हवा. या तिन्हींपैकी एक जरी सहज पार झालं तर कुठला तरी रकाना राहिलाय, तो शोधून लावा. ही चाचणी मुलाला शेजारी बसवूनच करा, आणि पासकोड सोडून बाकी प्रत्येक गोष्ट त्याला दाखवा. पासकोड आजी-आजोबांकडेही देऊ नका, नातवाच्या लाडापुढे तो त्यांच्याजवळ आठवडाभरही टिकत नाही.